झोप उडाली, वजन अडकलं : अति व्यायामाची लक्षणं कशी ओळखायची आणि आठवडा नव्याने कसा बसवायचा

जिम सुरू करून सात-आठ महिने झाले की नोकरी सांभाळून व्यायाम करणाऱ्या मुलामुलींची एक ठरावीक तक्रार माझ्या कानावर येते. सुरुवातीला दर आठवड्याला बारवर थोडं वजन चढत होतं, आता महिना झाला तरी स्क्वॉट आहे तिथेच आहे. संध्याकाळी अंग मोडून आलेलं असतं, पण रात्री डोळा लागत नाही. लागलाच तर पहाटे तीनला जाग येते आणि मग नुसती कूस बदलणं. यावर बहुतेक जण करतात काय, तर आठवड्यात आणखी एक दिवस वाढवतात, नाहीतर शेवटचा रेप निघेनासा होईपर्यंत प्रत्येक सेट ताणतात. इथेच गाडी जास्त बिघडते.

मी नवख्यांना वजन उचलायला शिकवते. माझं ठाम मत असं झालंय की मुंबईत ज्याला आपण ‘व्यायाम जास्त झाला’ म्हणतो, तो बहुतेक वेळा ‘झोप कमी पडली’ असा प्रकार असतो. कल्याण, विरार, पनवेल या पट्ट्यातून कामाला जाणाऱ्याचे दिवसाचे तीन तास प्रवासात जातात. त्यात पहाटेची जिम बसवायची म्हणजे वेळ कुठून तरी कापावाच लागतो, आणि तो झोपेतूनच कापला जातो. म्हणून आठवडा नव्याने बसवताना नुसते सेट कमी करून भागत नाही. कमी केलेल्या सेटमधून वाचलेला वेळ झोपेत गेला पाहिजे.

एक फरक आधी समजून घ्या, म्हणजे विनाकारण घाबरायला होणार नाही. काही दिवस जोरात व्यायाम केल्यावर ताकद तात्पुरती खाली येते आणि आठवडा-दोन आठवडे हलकं ठेवलं की परत वर येते. हे चालतं, खेळाडू तर मुद्दाम असं करतात. त्यापुढची पायरी म्हणजे थकवा साचत जातो, दोन आठवडे हलके घालवूनही ताकद परत येत नाही, पूर्ववत व्हायला काही आठवडे किंवा महिने लागतात. आणि अगदी टोकाला जे खरं ‘ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम’ असतं, त्यातून सावरायला कित्येक महिने जातात. ते ओळखणारी एकच अशी रक्ततपासणी नाही; बाकीची सगळी कारणं बाद करतच डॉक्टर तिथवर पोचतात. आठवड्याला पाच-सहा तास जिम करणारा नवखा तिसऱ्या टोकाला क्वचितच जातो. तो असतो पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी, आणि तिथून परत फिरणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

पहिली पायरी : दोन आठवडे वही ठेवा

काहीही बदलण्याआधी चौदा दिवस रोज चार गोष्टी लिहा. मोबाइलमध्ये लिहिल्या तरी चालतील, फक्त रोज लिहा.

पहिली, सकाळची नाडी. जाग आल्यावर उठून बसायच्या आधी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. दुसरी, किती वाजता पडलात, किती वाजता उठलात आणि मध्ये किती वेळा जाग आली. तिसरी, त्या दिवशीच्या मुख्य व्यायामाचं वजन, रेप, आणि सेट संपला तेव्हा अंगात आणखी किती रेप शिल्लक होते याचा प्रामाणिक अंदाज. चौथी, मूड : चिडचिड होतेय का, जिमला जायचं जिवावर येतंय का, भूक नेहमीसारखी आहे का.

यातली तिसरी नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. वजन अडकण्याच्या बरंच आधी ‘शिल्लक’ कमी व्हायला लागते. समजा ७० किलोचे पाच स्क्वॉट केल्यावर मागच्या महिन्यात आणखी तीन निघाले असते असं वाटायचं आणि आज त्याच पाचव्या रेपला पाय थरथरले, तर आकडा तोच असला तरी ताकद खाली आलेली आहे. वॉर्मअपकडेही लक्ष द्या. रिकामा बार खांद्यावर घेतानाच जड वाटला, नेहमी झटकन वर जाणारं ४० किलो रेंगाळत गेलं, असं सलग तीन-चार वेळा झालं तर ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

नाडीबद्दल लक्षात ठेवा, एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. रात्री उशिरा जेवलात, दारू घेतली, पंखा बंद पडून उकाड्यात झोपलात, तरी सकाळची नाडी वर असते. तुमची नेहमीची नाडी ६२ असेल आणि ती सलग चार-पाच दिवस ६८-७० लागत असेल, शिवाय झोप आणि वजन दोन्ही बिघडलेलं असेल, तेव्हाच तिची दखल घ्या. घड्याळातले रिकव्हरीचे आकडे पाहायला हरकत नाही, पण त्या एकाच आकड्यावर जिम रद्द करू नका.

दुसरी पायरी : दुसरं काही कारण नाही ना, ते तपासा

ही पायरी लोक गाळतात. थकव्याचा दोष व्यायामावर ढकलण्याआधी काही साध्या गोष्टी बघायला हव्यात.

फक्त एकच लिफ्ट अडकली आहे का? बेंच अडकला पण स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग व्यवस्थित चढतंय, तर हा अंगभर साचलेला थकवा नव्हे. बेंचची पद्धत तरी चुकतेय, किंवा उडी मोठी पडतेय. बऱ्याच छोट्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट २.५ किलोची असते. ती दोन्ही बाजूंना लावली की बारवर एकदम ५ किलो वाढतात. ४० किलोचा बेंच करणाऱ्या मुलीसाठी ५ किलो म्हणजे साडेबारा टक्के वाढ. ती एका आठवड्यात निघणारच नाही. १.२५ किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घेऊन बॅगेत ठेवा, किंवा तेवढ्याच वजनावर पाचाचे सात-आठ रेप झाल्यावर मगच पुढची प्लेट लावा.

सात-आठ महिन्यांनंतर दर आठवड्याला वजन चढणं थांबतं, तेही स्वाभाविक आहे. शिल्लक तितकीच आहे, झोप चांगली आहे, फक्त वाढ महिन्याला एकदा होतेय, तर तो आजार नाही. नवखेपण संपलं एवढंच.

मग कॅफीन. ऑफिसमधून परत येऊन रात्री साडेआठला जिम आणि त्याआधी प्री-वर्कआउटचा स्कूप, हा हल्लीचा शिरस्ता. अनेक प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे मध्यरात्रीनंतरही एक कप कॉफीइतकं, कधी त्याहून जास्त, अंगात फिरत असतं. एक आठवडा दुपारी दोननंतर कॉफी, प्री-वर्कआउट, एनर्जी ड्रिंक सगळं बंद करून बघा. झोप परत आली, तर चोर सापडला.

मुंबईचा उकाडा हे तिसरं कारण. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये हवेत दमटपणा इतका असतो की घाम अंगावरच राहतो, सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. तेच वजन, तेच रेप, पण ठोके जास्त आणि दम लवकर लागतो. एसी नसलेल्या जिममध्ये व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ६० किलोच्या माणसाचं सव्वा किलोच्या वर घटत असेल, तर पाणी आणि चिमूटभर मीठ कमी पडतंय, आणि ते सेटवर दिसणारच.

शेवटचं म्हणजे पोट आणि रक्त. वजन कमी करण्यासाठी डाएट चालू आहे, श्रावणात उपास वाढलेत, किंवा दुपारचा डबा दोन पोळ्या आणि भाजीवरच आटोपतोय, तर ताकद वाढायला माल कुठून येणार? पावसाळ्यात डेंग्यू किंवा साधा व्हायरल ताप येऊन गेला असेल, तर त्यानंतर काही आठवडे थकवा राहतो. हे सगळं नसेल आणि तरीही थकवा असेल, तर फॅमिली डॉक्टरांना भेटा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व यांपैकी काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. मुलींची पाळी लांबत असेल किंवा थांबली असेल, तर ती व्यायामाच्या मानाने खाणं फार कमी पडत असल्याची खूण असू शकते. तिथे दुसऱ्या कशाचीही वाट न बघता डॉक्टरांकडे जा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा जबर व्यायामानंतर स्नायू सुजून लघवी कोकसारखी काळपट होणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तिसरी पायरी : आठवड्याचा हिशोब मांडा

इथून पुढे एक उदाहरण धरून जाऊ. डोंबिवलीत राहणारा, लोअर परळला ऑफिस असलेला तिशीतला मुलगा समजा. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, घरच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दीड तास, त्यात दादरला गाडी बदलायची. पाच वाजता उठतो, पावणेसहा ते सव्वासात जिम, पावणेआठला घरातून निघतो. रात्री सव्वाआठला घरी, दहाला जेवण, मग मोबाइल, पावणेबाराला झोप. म्हणजे झोप सव्वापाच तास. शनिवारीही जिम, आणि रविवारी सकाळी मित्रांबरोबर टर्फवर फुटबॉल.

जिममध्ये रोज पाच व्यायाम, प्रत्येकाचे चार सेट. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, गुरुवारी खांदे, शुक्रवारी परत छाती-पाठ, शनिवारी पाय आणि हात. दिवसाला वीस, आठवड्याला एकशेवीस सेट. बहुतेक सेट शेवटच्या रेपला बार अडकेपर्यंत.

वहीत काय दिसतं? नेहमी ६२ असणारी नाडी सलग सहा दिवस ६९ ते ७१. स्क्वॉट ८० किलोवर पाच रेपचे चारच झाले, बेंच ६० किलोवर महिनाभर अडकला आणि आता तिथेही चौथ्या रेपला मदत लागते, डेडलिफ्ट १०० किलोला पाठ ताठ राहत नाही. तिन्ही मोठ्या लिफ्ट एकदम खाली आल्यात, झोप तुटतेय, नाडी वर आहे. हे चित्र एकाच दिशेला बोट दाखवतं.

हा हिशोब स्वतःचा मांडताना पायांकडे खास बघा. या मुलाचे पाय बुधवारी वीस सेट करतात, शनिवारी दहा, रविवारी तासभर धावतात आणि रोज गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहतात. पायांना मोकळा दिवसच नाही. प्रवासात उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, पण ती विश्रांतीही नव्हे.

चौथी पायरी : एक हलका आठवडा

जिमच्या भाषेत याला डीलोड म्हणतात. पूर्ण सुट्टी घेऊन घरी बसण्यापेक्षा मी हाच पर्याय सुचवते, कारण हालचालीची सवय राहते आणि परत आल्यावर अंग आखडत नाही. ताप असेल किंवा कुठे दुखापत असेल तर मात्र पूर्ण सुट्टी.

आठवड्यात तीनच दिवस जायचं. सेट निम्म्याहून कमी, वजन अडकलेल्या आकड्याच्या साधारण ऐंशी टक्के, आणि प्रत्येक सेट अंगात चार-पाच रेप शिल्लक असताना थांबवायचा. आपल्या डोंबिवलीकराने स्क्वॉट ६५ किलोचे पाच-पाचचे दोन सेट, बेंच ५० किलोचे दोन, डेडलिफ्ट ८० किलोचा एक सेट करायचा, थोडं रोइंग करायचं आणि अर्ध्या तासात बाहेर पडायचं. त्या रविवारी फुटबॉल नाही.

सातव्या-आठव्या दिवशी नाडी खाली यायला लागली, पहाटेची जाग थांबली, बार हलका वाटला, तर थकवा तात्पुरताच होता. काहीच फरक नसेल तर आणखी एक आठवडा असाच काढा. दोन आठवड्यांनंतरही तसंच असेल तर दुसऱ्या पायरीतल्या तपासण्या आता टाळू नका.

‘आठवडाभर हलकं केलं तर कमावलेलं जाईल’ ही भीती सगळ्यांनाच असते आणि मी ती समजू शकते. पण ताकद इतक्या लवकर उतरत नाही. बारवर वजन पुरेसं ठेवलं, तर एरवीच्या तिसरा हिस्सा सेटवरसुद्धा ती कित्येक आठवडे टिकते. उलट अनेकांना हलक्या आठवड्यानंतर लगेचच जुनं वजन सोपं वाटतं, कारण ताकद तिथेच होती, थकव्याखाली दबलेली.

पाचवी पायरी : आठवडा नव्याने बसवणं

आता वार ठरवायचे, आणि ते स्नायूंवरून ठरवण्याआधी झोपेवरून ठरवायचे. या मुलासाठी मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो पावणेसातला उठू शकतो. आदल्या रात्री अकराला पडला तर पावणेआठ तास झोप. मंगळवारी आणि गुरुवारी सव्वापाचला उठायचं, म्हणून आदल्या रात्री सव्वादहाला अंथरुणात. त्यासाठी जेवण नऊच्या आत हवं. घरच्यांशी बोलून एवढं जमवावं लागतं, आणि माझ्या अनुभवात सगळी योजना इथेच टिकते किंवा मोडते. शनिवारी जिम नऊ वाजता, गजर न लावता. फक्त त्या तीन मोकळ्या सकाळी मिळूनच आठवड्याला पाच तासांहून जास्त झोप परत मिळते.

तीनच दिवस असल्यामुळे दर वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करायचा. मंगळवारी स्क्वॉट पाच-पाचचे तीन सेट, बेंच तसेच तीन, डंबेल रोइंग आठ-आठचे तीन आणि प्लँक दोनदा. गुरुवारी डेडलिफ्टचे पाच-पाचचे दोनच सेट, उभ्याने खांद्यावरून प्रेस सहा-सहाचे तीन, लॅट पुलडाउनचे तीन आणि लंजेसचे दोन. शनिवारी स्क्वॉट परत, पण मंगळवारच्या ऐंशी टक्के वजनाने तीन सेट, हलका बेंच आठ-आठचे तीन, रोइंगचे तीन, मग बायसेप आणि ट्रायसेपचे दोन-दोन. एकूण चौतीस सेट झाले. शनिवार मुद्दाम पायांना हलका ठेवलाय, म्हणजे रविवारचा फुटबॉल सोडावा लागत नाही.

एकशेवीसवरून चौतीसवर येणं पाहून पोटात गोळा येतो. पण आधीच्या एकशेवीसमधले बरेचसे सेट थकलेल्या अंगाने ओढलेले होते, त्यांतून थकवा मिळत होता आणि फारसं काही नाही.

वजनाची सुरुवात अडकलेल्या आकड्याच्या नव्वद टक्क्यांपासून. स्क्वॉट पहिल्या आठवड्यात ७२.५, मग ७५, ७७.५ आणि चौथ्या आठवड्यात परत ८०. बेंच सावकाश : दोन आठवडे ५५, दोन आठवडे ५७.५, पाचव्या आठवड्यात ६०. डेडलिफ्ट ९० पासून दर आठवड्याला २.५ किलो. नियम एकच, सेट संपताना दोन रेप शिल्लक असले पाहिजेत. शिल्लक नसेल तर पुढच्या आठवड्यात वजन तेच ठेवायचं, वाढवायचं नाही. या हिशोबाने ८० किलो परत आलं तेव्हा ते पूर्वीसारखं दात-ओठ खाऊन येणार नाही, आणि पाचव्या आठवड्यातल्या ८२.५ साठी जागा उरलेली असेल.

इथे जे हमखास चुकतं ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात झोप सुधारते, अंगात जोर येतो आणि माणूस सोमवारी ‘फक्त हात मारायला’ जिमला जातो. मग बुधवारी ‘थोडं कार्डिओ’. महिन्याभरात परत सहा दिवस आणि परत पहाटे तीनची जाग. चार आठवडे पूर्ण होईपर्यंत एकही सेट वाढवू नका.

चार आठवड्यांनी वही बघा. नाडी नेहमीच्या आकड्यावर आहे, आठवड्यातले किमान पाच दिवस सात तास झोप झालीय, वजन चढतंय, तर एका वेळी एकाच व्यायामाचा एक सेट वाढवा, तोही मागे राहिलेल्या अवयवाचा. दोन आठवडे थांबा, परत वही बघा, मग पुढचा. चौथा दिवस हवाच असेल तर आधी हे सांगा की त्या रात्रीची झोप कुठून येणार. वर्क फ्रॉम होमचा वार असेल तर तो दिवस सगळ्यात सोयीचा, कारण प्रवासाचे तीन तास हातात राहतात.

पुढचा हलका आठवडा दर सहा ते आठ आठवड्यांनी आधीच कॅलेंडरवर टाकून ठेवा. गणपतीत, दिवाळीत किंवा ऑफिसच्या मार्चअखेरीत जागरणं होणारच असतात. हलका आठवडा नेमका तिथे बसवला, तर सणही नीट होतो आणि ठरलेली विश्रांतीही.